एकाच स्टॉलचे तीन गणपती: जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीचं मूर्तिप्रकरण

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या मागच्या अंगणात एक प्लॅस्टिकचा ड्रम आणि दोन बादल्या होत्या. ड्रममध्ये सोसायटीची दोन फुटी मूर्ती, बादल्यांत दोन घरचे फूटभर उंचीचे गणपती. तिन्ही मूर्ती एकाच स्टॉलवरून घेतलेल्या, तिन्हींच्या मागे ‘शाडू माती – इको फ्रेंडली’ अशी एकच पाटी. एका बादलीतला गणपती संध्याकाळपर्यंत विरघळून तळाशी गाळ झाला होता. दुसऱ्या बादलीतला जसाच्या तसा. ड्रममधल्या मूर्तीचं आसन आणि पाय गेले होते, पण छातीपासून वरचा भाग पाण्यात ताठ उभा. सोसायटीत एकच सूर होता, ‘फसवलं, सगळं पीओपी आहे.’ स्टॉलवाल्याला जाब विचारायला चार जण निघालेही होते.

रंगाच्या दुकानात काउंटरमागे माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे सेक्रेटरी काकांनी मला बोलावलं. जाब विचारण्याआधी नेमकं काय विकलं गेलं होतं ते कळायला हवं, एवढंच माझं म्हणणं होतं. तपासलं तेव्हा तिन्ही मूर्तींची कहाणी वेगवेगळी निघाली. मातीचा प्रश्न वेगळा आणि रंगाचा प्रश्न वेगळा, हे त्यातून जितकं स्पष्ट झालं तितकं कुठलं माहितीपत्रक वाचून झालं नसतं.

आधी न विरघळलेल्या बादलीतल्या गणपतीकडे वळू. तो बाहेर काढून पालथा केला. तळाचा रंग राखाडी, अगदी शाडूसारखा. पण किल्लीच्या टोकाने खरवडल्यावर राखाडी थर नखाएवढाही जाड नव्हता, आणि खाली पांढरंशुभ्र. शाडूचं पाणी करून तळाला नुसता हात दिला होता. मूर्ती आतून पोकळ होती आणि पोकळीच्या भिंतीला काथ्याचे धागे चिकटलेले होते. पीओपीची मूर्ती करताना पातळ कालवलेलं पीओपी रबरी साच्यात ओतून फिरवतात आणि बळकटीला काथ्या लावतात, म्हणून आतली बाजू ओघळल्यासारखी दिसते. शाडू ओतत नाहीत, साच्यात हाताने दाबून भरतात. त्यामुळे शाडूची मूर्ती पोकळ असली तरी आत बोटांचे ठसे सापडतात. मूर्ती विकत घेताना बहुतेक जण चेहरा बघतात, सोंड कुठल्या बाजूला आहे ते बघतात. उलटी करून कुणी बघत नाही. देवाला पालथं कसं घालायचं, असा संकोच असतो. पण प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मूर्तीच आहे, असं सोसायटीतल्या आजींनीच सांगितलं आणि तो विषय मिटला.

तरी मला पक्का पुरावा हवा होता. त्या मूर्तीचा सुपारीएवढा तुकडा काढला, उन्हात खडखडीत वाळवला आणि ग्लासभर पाण्यात सोडला. हलवायचं नाही, ढवळायचं नाही. वाळलेली शाडू पाण्यात पडली की काही मिनिटांत बारीक बुडबुडे सुटतात, कडा सुटून पडायला लागतात, आणि तासाभरात तुकड्याच्या जागी मातीचा ढीग दिसतो. पीओपीचा तुकडा पाणी पितो, थोडे बुडबुडे त्यालाही येतात, पण दुसऱ्या दिवशीही त्याच्या कडा धारदार असतात. आमचा तुकडा तसाच राहिला. इथे एक काळजी घ्यावी लागते. तुकडा पूर्ण सुकलेला हवा. ओलसर शाडू पाण्यात टाकली तर ती बराच वेळ घट्ट राहते, आणि खरा मूर्तिकार विनाकारण बदनाम होतो. भाजलेल्या मातीची मूर्तीही पाण्यात सुटत नाही. ती मातीचीच असते, पण विसर्जनाच्या कामाची नाही.

या परीक्षेला जोड म्हणून आमच्या गवंडी मामांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. त्यांनी त्या पांढऱ्या तुकड्याची पूड केली, लोखंडी तव्यावर मंद आचेवर अर्धा तास परतली, गार करून पाण्यात कालवली आणि फरशीवर थापली. पंधरा-वीस मिनिटांत तिचा टणक पापुद्रा झाला. पीओपी म्हणजे जिप्सम साधारण १५० अंशांपर्यंत तापवून पाणी घालवलेली पूड. पाणी मिळालं की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट होते, आणि तो घट्ट झालेला तुकडा पुन्हा भाजला की तोच खेळ पुन्हा होतो. माती अशी कधीच घट्ट होत नाही. फक्त आच फार वाढवायची नाही, जास्त भाजलेली पूड नीट बसत नाही आणि निकाल फसवा येतो.

सोसायटीतल्या एका मुलाने मोबाइलवर पाहिलेला व्हिनेगरचा प्रयोग सुचवला होता. फेस आला तर पीओपी, असं त्यात सांगतात. ते चूक आहे. जिप्सम व्हिनेगरने फेसाळत नाही. फेस येतो खडूला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटला. शाडूच्या मूर्तीला रंगाखाली खडूच्या पुडीचा पांढरा हात देतात, त्यामुळे या प्रयोगात अस्सल शाडूची मूर्ती फेसाळायची आणि पीओपीची गप्प राहायची. हा प्रयोग करायचाच असेल तर रंगाखालचा थर कसला आहे ते कळण्यापुरता करावा.

आता ड्रममधली दोन फुटी मूर्ती. पीओपी म्हणून सगळ्यात जास्त शिव्या तिला पडल्या होत्या. मी तिच्या खांद्याजवळ नखाने रंगाची कड उचलली तर रंग दुधावरच्या सायीसारखा सलग सोलून आला, आणि खाली ओली, मऊ, राखाडी माती. बोटाने दाबली तर बोट आत गेलं. मूर्ती अस्सल शाडूची होती. तिच्या अंगावर होता भिंतीला देतात तो प्लॅस्टिक इमल्शन, आणि त्यावर चकाकीसाठी वॉर्निशचा हात. हा रंग सुकला की त्याचं पाणी न शिरणारं आवरण बनतं. आसनाच्या तळाला रंग नव्हता, तिथून पाणी शिरलं आणि खालचा भाग सुटला. वर पाणी पोचलंच नाही. पापुद्र्यावर नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा बोळा घासल्यावर तो चिकट होऊन रंग बोळ्यावर आला. अ‍ॅक्रिलिकसारखा प्लॅस्टिकचा रंग ओळखायला हे पुरतं. साध्या पाण्याच्या बोळ्याने त्याच्यावर काहीच झालं नव्हतं.

म्हणजे या मूर्तीबाबत स्टॉलवाला मातीविषयी खरं बोलला होता आणि रंगाविषयी गप्प बसला होता. पाटीवर ‘शाडू’ लिहिलेलं होतं, रंगाचा शब्दही नव्हता. ग्राहकाने ‘इको फ्रेंडली’ वाचून रंगही तसाच असणार असं धरून घेतलं. गालाजवळ आणखी एक गोष्ट दिसली. तिथे मातीला भेग गेली होती आणि ती रंगाऱ्याच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली होती. आपल्याकडची कोरडी हवा शाडूला मानवत नाही. मूर्ती सावलीत, ओलं फडकं टाकून सावकाश सुकवावी लागते. घाई केली की हातापायाच्या सांध्यात बारीक भेगा पडतात. शाडूच्याच लोण्यासारख्या गाळाने त्या भरता येतात, पण त्याला पुन्हा सुकवायला वेळ द्यावा लागतो. लांबी पटकन सुकते, म्हणून ती वापरतात.

विरघळलेल्या तिसऱ्या गणपतीवर सगळे खूश होते. त्याच्या गाळाची मी तळहातावर वळी केली, शेवेच्या जाडीची, आणि अंगठ्याभोवती वाकवली. तुटली नाही. शाडूत पीओपी मिसळलेलं असेल तर वळी मोडते आणि बोटांना कडक कण लागतात. ही माती स्वच्छ होती. पण बादलीतलं पाणी झगझगीत गुलाबी होतं, आणि दोन दिवस ठेवूनही निवळलं नाही. वनस्पतीच्या रंगात असा झगझगीत गुलाबी सहसा मिळत नाही. बीट किंवा जास्वंदीचा रंग पाण्यात काही दिवसांत तपकिरी पडतो. हा कारखान्यातला रंग होता, डिंकाच्या पाण्यात कालवलेला. त्यामुळे मूर्ती सहज विरघळली, पण रंग नैसर्गिक नव्हता.

एकाच पाटीखाली एक पीओपी, एक प्लॅस्टिकच्या आवरणातली शाडू आणि एक रासायनिक रंगातली शाडू. स्टॉलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘काका, मी करत नाही ओ, कच्चा माल येतो, रंगवून विकतो. व्यापारी शाडू म्हणून देतो.’ मला त्याचं बरंचसं पटलं. पेणहून किंवा इतरत्रून कच्च्या मूर्ती येतात, इथे रंगतात, आणि विकणाऱ्याला तळ खरवडून बघायची गरज वाटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १२ मे २०२० च्या सुधारित सूचनांत पीओपी नको, विषारी रंग नकोत, असं स्पष्ट आहे. पण ९ जून २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, फक्त नैसर्गिक पाणवठ्यात विसर्जन नको, अशी अट ठेवली. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मूर्ती बाजारात शेजारी शेजारी असणार, आणि त्या ओळखायचं काम घेणाऱ्यावरच आहे.

त्या पीओपीच्या मूर्तीचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात पीओपी विरघळवायची पद्धत दिली आहे. त्यात जिप्समचा खडू होतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, ते पातळ करून झाडांना चालतं. पण रंग त्यात निघून जात नाही, म्हणून ते पाणी भाजीच्या वाफ्याला घालू नका, असं मी त्या घरच्या ताईंना सांगितलं. त्यांनी मूर्ती संकलन केंद्रावर दिली.

पुढच्या वर्षासाठी मूर्तिकार शोधायचं काम सोसायटीने मकर संक्रांतीनंतर, गड्ड्याची जत्रा ओसरल्यावर सुरू केलं. ही वेळ महत्त्वाची आहे. श्रावणात स्टॉलवर रंगवलेली मूर्ती दिसते, घडवणारा दिसत नाही. उन्हाळ्यात कारखान्यात गेलं तर साचा, पोती, ओल्या मूर्ती, सगळं उघड्यावर असतं. कुंभार वेशीकडे आणि पूर्व भागात आम्ही चौकशी केली. प्रत्येक ठिकाणी आधी ‘शाडूची करता का’ विचारलं, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर ‘हो’ आलं. म्हणून तो प्रश्न सोडून दिला आणि नुसतं बघायला लागलो.

सगळ्यात बोलकी जागा म्हणजे फुटक्या मूर्तींचा कोपरा. पीओपीवाल्याकडे अंगणाच्या कडेला पांढऱ्या ठिकऱ्यांचा ढीग असतो, कारण मोडलेलं पीओपी पुन्हा भाजल्याशिवाय कामाला येत नाही. शाडूवाल्याकडे असा ढीग नसतोच. त्याच्याकडे टाकी किंवा हौद असतो आणि मोडलेले हात, सोंडा, उंदीर त्यात भिजत पडलेले असतात. उद्या तीच माती पुन्हा मळायची. आम्हाला ज्या मावशी सापडल्या त्यांच्या दाराशी असाच एक जुना सिमेंटचा हौद होता आणि त्यात अर्धी विरघळलेली एक सोंड तरंगावी तशी वर दिसत होती. ‘दाखला कशाला मागताय ओ, हात घालून बघा की,’ असं म्हणून त्यांनी हौदातली माती काढून माझ्या हातावर ठेवली. तिची वळी वाकली.

मावशींनी मातीविषयीही साफ सांगितलं. शाडू इथली नाही, गुजरातेतून पोत्यांनी येते. सोलापूरची काळी माती भिजली की फुगते आणि सुकताना आकसून उभी चिरते, त्यामुळे एकटी काळी माती मूर्तीला चालत नाही. मूर्तीच्या मातीत मावशी थोडा कापूस पिंजून घालतात, त्याने भेगा कमी पडतात. दोन फुटांवर मूर्ती करायला त्या तयार नव्हत्या. वजन एवढं होतं की उचलताना मूर्तीच्या मनगटाला तडा जातो, आणि पाऊस लागला तर सुकत नाही. सोसायटीला मात्र अडीच फूट हवं होतं. बराच वेळ घासाघीस झाली आणि शेवटी मूर्ती पावणेदोन फुटांची आणि आसन लाकडाचं, असं ठरलं. उंचीचा हट्ट धरला की मूर्तिकाराला पीओपीकडे ढकललं जातं, हे काहींना त्याच बैठकीत पटलं, काहींना अजून पटलेलं नाही.

खरी कसोटी रंगाची होती. मावशी आधी म्हणाल्या, ‘वॉटर कलर देते, नैसर्गिकच असतंय.’ वॉटर कलर म्हणजे पाण्यात कालवता येणारा रंग, तो वनस्पतीचा असेलच असं नाही. ओल्या कापसाने रंग निघाला तर एवढंच कळतं की तो डिंकात बांधलेला आहे, प्लॅस्टिकमध्ये नाही. विरघळण्यासाठी ते पुरेसं आहे. पण पूड कुठली, ते कापूस सांगत नाही. पिवळ्याची परीक्षा सोपी आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेला बोळा पिवळ्या पीतांबरावर टेकवला आणि डाग लालसर झाला तर ती हळद. मावशींच्या नमुन्यावर डाग पिवळाच राहिला. त्यांनी डबा दाखवला, त्यात पोस्टर कलर होता. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या लेखी तोही ‘साधा’ रंग होता.

मग रंगांची यादी खाली उतरत गेली. अंगाला गेरू. तो वनस्पतीचा नाही, लोहयुक्त माती आहे, पण नैसर्गिक आणि टिकाऊ आहे, आणि अंगाला शोभतो. पीतांबराला हळद. डोळे आणि भुवयांना तुपाच्या दिव्याचं काजळ. शेल्याच्या केशरी काठाला पळसाच्या वाळलेल्या फुलांचा काढा आटवून. हिरवा आणि निळा वगळला, कारण बाजारात ‘नीळ’ म्हणून मिळते ती धुण्याची नीळ असते, झाडाची नव्हे. कुंकवाचंही तसंच. हळदीला चुना किंवा सोडा लागून झालेलं कुंकू वेगळं आणि दुकानातलं भडक लाल बहुधा कृत्रिम रंगाचं. सोनेरीचा तर प्रश्नच नाही. कुठल्याही झाडापासून सोनेरी चमक येत नाही. ज्याच्या मूर्तीच्या मुकुटावर सोनेरी आहे आणि जो ‘शंभर टक्के वनस्पतीचे रंग’ म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलायची गरज नाही. आमच्या मूर्तीला पितळी मुकुट वेगळा करून घेतला, तो विसर्जनाआधी काढून ठेवायचा. पोपटी आणि चकाकणारा गुलाबी बघूनच बाद करता येतात. नोटा तपासायचा निळा दिवा लावला तर ते उजळतात, पण त्या दिव्याखाली हळदही उजळते, म्हणून नुसत्या दिव्यावर निकाल देऊ नये.

बांधणीसाठी बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घेतला, एक भाग डिंकाला अंदाजे चार भाग पाणी. डिंक जास्त झाला तर रंग सुकल्यावर पापुद्रे धरून उडतो, कमी झाला तर आरती करताना हाताला गेरू लागतो. मावशींनी पहिला हात मोडक्या उंदरावर देऊन बघितला आणि दोनदा पाणी वाढवलं. पांढऱ्या अस्तराला चुना किंवा खडू नको, असं मी आग्रहाने सांगितलं. हळद चुन्याला लागली की लाल पडते, आणि खडूनेही तिची छटा केशरीकडे झुकते. त्याऐवजी वस्त्रगाळ शाडूचाच पातळ हात दिला. पीतांबर त्यामुळे थोडा मळकट पिवळा आला. काहींना तो फिका वाटला. हळद उन्हात उडते, हेही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मखर खिडकीसमोर न ठेवता आतल्या भिंतीला घेतलं. दहा दिवसांत रंग थोडा उतरला, पण नजरेत भरण्याइतका नाही.

या सगळ्या घरगुती परीक्षांना मर्यादा आहेत. रंगात शिसं, क्रोमियम असं काही आहे का, ते कापूस, सोडा किंवा दिवा सांगू शकत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून आम्ही तयार रंगच टाळले आणि पूड डोळ्यांसमोर कालवून घेतली. शाडूही पाण्यात नाहीशी होत नाही, तिचा गाळ उरतो. तो सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात गेला तर तळाशीच बसणार. त्यामुळे विसर्जन ड्रममध्येच झालं, आणि गाळ मावशींच्या हौदात परत गेला. त्या गाळात गेरू मिसळलेला असल्याने पुढच्या मूर्तीला तो थोडा लालसर येईल, हे त्यांना चालणार होतं. पोस्टर कलरचा गाळ मात्र त्यांनी घेतला नसता.

पावतीवर सोसायटीने तीन गोष्टी लिहून घेतल्या: माती कुठली, अस्तर कसलं, प्रत्येक रंग कशाचा. नुसतं ‘इको फ्रेंडली’ लिहायला मावशींचा मुलगा तयार होता, तपशील लिहायला त्याने थोडी कुरकुर केली. बयाणा अक्षय्य तृतीयेच्या आसपास दिला, कारण शाडूला सुकायला पावसाआधीचे कोरडे दिवस लागतात. श्रावणात आलेल्या तीन नव्या घरांची रंगवलेल्या मूर्तीची मागणी मावशींनी नाकारली. त्या घरांना कच्ची, न रंगवलेली मूर्ती मिळाली, आणि गेरू-डिंक त्यांनी घरीच लावला.